सामान्य विषे, लक्षणे, उतारे आणि तपासण्या : न्यायवैद्यकाची उजळणी-सारणी

वैद्यकीय अभ्यासक्रमात न्यायवैद्यक व विषशास्त्राची परीक्षा जवळ आली, की विद्यार्थ्यांच्या वहीत एक सारणी हमखास दिसते. विषाचे नाव, लक्षणे, उतारा आणि तपासणी असे तिचे चार रकाने असतात. ही सारणी पाठ करणे फारसे अवघड नाही. मात्र अपघात विभागात रुग्ण येतो, तेव्हा सारणीचा पहिलाच रकाना कोरा असतो. विषाचे नाव कोणालाच ठाऊक नसते, नातेवाईक गोंधळलेले असतात आणि बाटलीवरील चिठ्ठी फाटलेली असते. म्हणून सारणी लक्षणांकडून नावाकडे, म्हणजे उलट्या दिशेने वाचता आली पाहिजे. प्रस्तुत लेखात भारतात वारंवार आढळणाऱ्या सात विषांची सारणी दिली असून, तिच्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ, अर्थात सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची, सविस्तर उलगडली आहे.

उजळणी-सारणी

| विष | ठळक लक्षणे | उतारा | तपासणी |
|---|---|---|---|
| सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके | बाहुल्या बारीक, लाळ, घाम, छातीत घरघर, मंद नाडी, स्नायूंची फडफड | ॲट्रोपिन. जोडीला प्रॅलिडॉक्सिम | रक्तातील कोलिनेस्टरेज |
| कार्बामेट कीटकनाशके | वरीलप्रमाणेच, पण बहुधा कमी काळ टिकणारी | ॲट्रोपिन | कोलिनेस्टरेज. मात्र ते लवकर पूर्ववत होते |
| धोतरा | बाहुल्या विस्फारलेल्या, त्वचा कोरडी व तापलेली, भ्रम, लघवी अडणे | आधारभूत उपचार; निवडक रुग्णांत फायसोस्टिग्मिन | वांतीतील बियांची ओळख, मूत्रतपासणी |
| अफू व तिची द्रव्ये | बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास अतिमंद, गाढ बेशुद्धी | नॅलोक्सोन | मूत्र व रक्ततपासणी |
| मिथेनॉल (विषारी दारू) | काही तासांनी धूसर दृष्टी, पोटदुखी, खोल व जलद श्वास | फोमेपिझोल किंवा इथेनॉल, फोलिनिक आम्ल, डायलिसिस | रक्तातील मिथेनॉल, धमनीतील रक्ताची आम्लता |
| ॲल्युमिनियम फॉस्फाइड (धान्यातील गोळ्या) | लसणासारखा वास, रक्तदाब कोसळणे, हृदयाची अनियमित गती | विशिष्ट उतारा नाही | जठरद्रव्यावर सिल्व्हर नायट्रेट कागदाची चाचणी |
| पॅराक्वाट (तणनाशक) | तोंडात व घशात व्रण, मूत्रपिंड निकामी, पुढे फुप्फुसे ताठर | विशिष्ट उतारा नाही | मूत्रावर डायथायोनाइट चाचणी |

सारणी उलटी वाचण्यासाठी तीन गोष्टी आधी पाहाव्यात. त्या म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या, शरीरातील ओलावा आणि श्वास. बाहुल्या बारीक असून रुग्ण घामाने व लाळेने निथळत असेल, तर सेंद्रिय फॉस्फरस वा कार्बामेटचा संशय घ्यावा. बाहुल्या बारीक असल्या, तरी लाळ वा घामाचा पूर नाही, छातीत स्राव साचलेला नाही आणि श्वास मिनिटाला पाच-सहा इतका मंद आहे, तर अफूवर्गीय द्रव्य अधिक संभवते. बाहुल्या मोठ्या, त्वचा कोरडी आणि रुग्ण हवेतल्या अदृश्य वस्तू वेचत बडबडत असेल, तर धोतरा आठवावा. पहिल्या चार ओळींचा बराचसा गुंता या तीन निरीक्षणांनी सुटतो. उरलेल्या तीन ओळींत बाहुल्यांची फारशी मदत होत नाही. तेथे वास, तोंडातील व्रण आणि विष घेतल्यापासून लोटलेला वेळ हेच मार्गदर्शक ठरतात.

सेंद्रिय फॉस्फरस : शरीरात काय घडते

मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य स्रवते आणि त्यामुळे ग्रंथी व स्नायू कामाला लागतात. काम झाल्यावर हे द्रव्य तत्काळ नष्ट करणारे विकर म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेज. सेंद्रिय फॉस्फरस या विकरालाच चिकटून बसते. परिणामी ॲसिटिलकोलिन साचत जाते आणि ग्रंथी थांबेनाशा होतात. लाळ, अश्रू, घाम, जुलाब, आपोआप होणारी लघवी आणि श्वासनलिकांतील स्राव ही सारी लक्षणे त्यातूनच येतात. स्नायू आधी फडफडतात आणि नंतर थकून लुळे पडतात. मेंदूवरील परिणामामुळे अस्वस्थता, झटके व बेशुद्धी येते. स्रावाने भरलेली फुप्फुसे, लुळे पडलेले श्वसनस्नायू आणि मंदावलेले श्वसनकेंद्र या तिन्हींचा एकत्रित परिणाम म्हणून मृत्यू श्वास बंद पडून होतो.

ही यंत्रणा ध्यानात घेतली, की उताऱ्याची मर्यादाही कळते. ॲट्रोपिन हे ग्रंथी, हृदय व श्वासनलिका यांवरील ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखते. लुळ्या स्नायूंवर त्याचा काहीच उपयोग होत नाही. प्रॅलिडॉक्सिम हे विकराला चिकटलेले विष सोडवते, पण त्याला वेळेचे बंधन आहे. काही काळाने विष व विकर यांचा बंध पक्का होतो. या प्रक्रियेला विषशास्त्रात ‘एजिंग’ म्हणतात. त्यानंतर प्रॅलिडॉक्सिम निष्फळ ठरते. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांसारख्या डायमिथाइल गटातील कीटकनाशकांत हा बंध काही तासांतच पक्का होऊ लागतो, तर क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल गटात त्यास एक-दोन दिवस लागतात. म्हणूनच बाटलीवरील रासायनिक नावाला उपचारात प्रत्यक्ष महत्त्व आहे.

एक प्रकरण, पायरीपायरीने

तोंडी परीक्षेत विचारले जाते तसे एक प्रकरण समजा. ४५ वर्षांचा, ६० किलो वजनाचा शेतकरी शेतावरील खोपीत बेशुद्ध सापडला आणि दोन तासांनी रुग्णालयात पोहोचला. तोंडाला फेस आहे आणि कपड्यांना रॉकेल व लसूण यांसारखा मिश्र वास येत आहे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत. नाडी ५२, वरचा रक्तदाब ८४, रक्तातील प्राणवायू ८२ टक्के आणि दोन्ही फुप्फुसांत घरघर. पोटऱ्यांचे स्नायू त्वचेखाली फडफडताना दिसतात.

येथे अफू बाजूला पडते. अफूने स्रावांचा पूर येत नाही आणि स्नायूही असे फडफडत नाहीत. कार्बामेटची शक्यता उरते, पण पहिल्या तासातील उपचार दोन्हींत सारखाच असल्याने त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. अहवालाचीही वाट पाहावयाची नसते. कोलिनेस्टरेजचा अहवाल येईपर्यंत रुग्ण हातचा जाऊ शकतो. निदान लक्षणांवरच करावयाचे असते.

प्रथम श्वासमार्ग मोकळा करून स्राव ओढून घेतले जातात आणि प्राणवायू सुरू होतो. गरज भासल्यास श्वासनलिकेत नळी घालतात. कपडे काढून त्वचा व केस साबण-पाण्याने धुतात, कारण हे विष त्वचेतूनही शोषले जाते. हे काम करणाऱ्यांनी हातमोजे घातलेले असावेत. रुग्णाला मुद्दाम वांती करवू नये. कीटकनाशक बहुधा रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेले असते आणि ते फुप्फुसात गेले, तर दुसरेच संकट उभे राहते. जठर धुणे हेही विष घेतल्यानंतर लवकर आणि श्वासमार्ग सुरक्षित असेल तरच करावे.

त्याच वेळी ॲट्रोपिन सुरू होते. आपल्याकडील सामान्य कुपीत ०.६ मिलिग्रॅम औषध असते. पहिली मात्रा १.८ मिलिग्रॅम, म्हणजे तीन कुप्या. पाच मिनिटांनी पाहिले, तर नाडी ६० झाली आहे, पण घरघर तशीच आहे. म्हणून मात्रा दुप्पट, ३.६ मिलिग्रॅम. आणखी पाच मिनिटांनी नाडी ७६ आणि घरघर फुप्फुसांच्या तळाशी उरलेली. पुन्हा दुप्पट, ७.२ मिलिग्रॅम. त्यानंतर नाडी १०४, रक्तदाब १०४, छाती स्वच्छ आणि काखा कोरड्या. एकूण १२.६ मिलिग्रॅम, म्हणजे २१ कुप्या पंधरा मिनिटांच्या आत लागल्या. दर वेळी एक-दोन कुप्या देत राहिले असते, तर एवढ्या मात्रेपर्यंत पोहोचण्यास तासाहून अधिक वेळ गेला असता. दुप्पट करण्याच्या पद्धतीचे मर्म हेच.

कोठे थांबावे, हा प्रश्न परीक्षेत हमखास चुकतो. बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘बाहुल्या मोठ्या होईपर्यंत’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात छाती स्वच्छ होणे, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर आणि काखा कोरड्या होणे ही मुख्य चिन्हे आहेत. बाहुल्या सावकाश बदलतात. शिवाय विष थेट डोळ्यात गेले असेल, तर त्या बारीकच राहू शकतात. नाडी जलद आहे म्हणून ॲट्रोपिन नाकारणे हीदेखील चूकच, कारण या विषबाधेत नाडी कधी कधी जलदही असते. निर्णय छातीवर स्टेथोस्कोप ठेवूनच घ्यावा लागतो.

यानंतर एकूण लागलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के इतके ॲट्रोपिन दर तासाला सलाइनमधून चालू राहते. वरील रुग्णात ते सुमारे १.३ ते २.५ मिलिग्रॅम होते. प्रॅलिडॉक्सिमची जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मात्रा प्रथम किलोमागे किमान ३० मिलिग्रॅम आणि पुढे तासाला किलोमागे किमान ८ मिलिग्रॅम अशी आहे. ६० किलोच्या रुग्णास म्हणजे १८०० मिलिग्रॅम सावकाश आणि मग तासाला ४८० मिलिग्रॅम. या औषधाच्या उपयोगाविषयी मतभेद आहेत. बारामती येथील रुग्णांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या मात्रेच्या अखंड धारेचा लाभ दिसला, तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत लाभ आढळला नाही. म्हणून सारणीत ॲट्रोपिन प्रथम आणि प्रॅलिडॉक्सिम ‘जोडीला’ असे लिहिणेच योग्य. प्रॅलिडॉक्सिम ॲट्रोपिनची जागा कधीही घेत नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीचे फसवे वळण

दुसऱ्या रात्री हाच रुग्ण हातपाय झाडू लागतो. अंगात ताप, नाडी १४०, आतड्यांचे आवाज नाहीसे. विष पुन्हा उफाळले असे समजून कोणी ॲट्रोपिन वाढवील, तर रुग्णाची अवस्था अधिकच बिघडेल. हे चित्र धोतऱ्याच्या ओळीत दिलेल्या चित्रासारखे आहे आणि त्याचे कारणही सरळ आहे. धोतऱ्यातील एक मुख्य घटक ॲट्रोपिनच्याच कुळातील आहे. म्हणजे ही ॲट्रोपिनची अतिमात्रा झाली. धार थांबवावी, चिन्हे उतरल्यावर ती कमी वेगाने पुन्हा सुरू करावी आणि छाती मधूनमधून तपासत राहावे.

तिसऱ्या दिवशी रुग्ण शुद्धीवर येतो, बोलू लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. मात्र त्याला उशीवरून डोके उचलता येत नाही. विष घेतल्यानंतर साधारण २४ ते ९६ तासांत दिसणाऱ्या ‘इंटरमिजिएट सिंड्रोम’ची ही पहिली खूण असू शकते. मानेचे, खांद्यांचे आणि पाठोपाठ श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. येथे छाती कोरडी असते, म्हणून ॲट्रोपिनचा उपयोग नाही. वेळेवर कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला, तर हा रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणूनच या काळात रोज ‘डोके उचला’ असे सांगून पाहणे ही बिनखर्चाची, पण जीव वाचवणारी तपासणी ठरते. काही कीटकनाशकांत दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या व अशक्तपणा येतो, तो प्रकार मात्र निराळा.

तपासणीचा रकाना : अहवाल कसा वाचावा

कोलिनेस्टरेज दोन ठिकाणी मोजतात, रक्तद्रवात आणि तांबड्या पेशींत. रक्तद्रवातील मोजमाप सोपे व अनेक ठिकाणी उपलब्ध असते. मात्र यकृताचा आजार, कुपोषण व गर्भारपण यांतही ते घटते. तांबड्या पेशींतील विकर मज्जातंतूंतील विकराशी मिळतेजुळते असल्याने विषबाधेची तीव्रता ते अधिक नेमकेपणाने सांगते. नमुना प्रॅलिडॉक्सिम देण्यापूर्वी घ्यावा आणि लगेच थंड करावा. परीक्षानळीतही विष, विकर व औषध यांची क्रिया चालूच राहते. त्यामुळे उष्ण हवेत पडून राहिलेल्या नमुन्याचा आकडा रुग्णाची खरी स्थिती दाखवीत नाही. कार्बामेट विकराला सैल चिकटते आणि आपोआप सुटते. म्हणून उशिरा घेतलेल्या नमुन्यात आकडा सामान्य आला, तरी कार्बामेटची विषबाधा झालीच नव्हती असे म्हणता येत नाही.

उतारा नसलेल्या दोन ओळी

ॲल्युमिनियम फॉस्फाइड आणि पॅराक्वाट यांच्यापुढे ‘उतारा नाही’ असे लिहिणे विद्यार्थ्यांना जड जाते, म्हणून तेथे काहीतरी औषध भरले जाते. पण या दोन ओळींत काय टाळावे, हेच मुख्य ज्ञान आहे. धान्यातील गोळीचा ओलाव्याशी व जठरातील आम्लाशी संबंध आला, की फॉस्फिन वायू सुटतो. म्हणून साध्या पाण्याने जठर धुण्याचा मोह टाळतात आणि खोलीत हवा खेळती ठेवतात. पॅराक्वाटमध्ये प्राणवायूच फुप्फुसांची हानी वाढवतो. म्हणून रक्तातील प्राणवायू फारच घसरल्याशिवाय तो देत नाहीत. सवयीने लावलेला मुखवटा येथे अपायकारक ठरू शकतो.

दोन्ही तपासण्या मात्र रुग्णाच्या खाटेजवळ करता येतात. पॅराक्वाटसाठी मूत्रात क्षार व सोडियम डायथायोनाइट घातले, की निळा रंग येतो. फॉस्फिनसाठी जठरद्रव्य किंचित तापवून त्यावर सिल्व्हर नायट्रेटने भिजवलेला कागद धरतात. तो काळा पडतो. मात्र कुजलेल्या द्रव्यातील हायड्रोजन सल्फाइडनेही कागद काळा होतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद धरावा. पहिला काळा आणि दुसरा जसाच्या तसा, तर फॉस्फिन. दोन्ही काळे झाले, तर निष्कर्ष काढता येत नाही.

न्यायालयापर्यंत जाणारा पुरावा

विषबाधेचे प्रकरण वैद्यकीय-न्यायिक म्हणून नोंदवले जाते. उपचार करतानाच वांतीचा भाग, जठर धुताना निघालेले पहिले द्रव, औषधापूर्वीचे रक्त, मूत्र, रुग्णाचे कपडे आणि बाटली जपून ठेवावी लागते. पहिलेच द्रव ठेवण्याचे कारण असे, की पुढील प्रत्येक धुण्याबरोबर विष अधिकाधिक विरळ होते.

मृत्यू झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस पंचनामा होतो आणि शवविच्छेदन केले जाते. एका बरणीत जठर व त्यातील द्रव्य, तसेच लहान आतड्याचा सुमारे ३० सेंटिमीटर भाग ठेवतात. दुसरीत सुमारे ५०० ग्रॅम यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. रक्त वेगळ्या बाटलीत. कीटकनाशकाचा संशय असल्यास अवयवांसाठी मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात आणि त्या द्रावणाचाही नमुना सोबत पाठवतात. फॉर्मेलिन वापरल्यास विषाचा शोध घेणे अवघड होते. ऊतितपासणीसाठी ते योग्य असले, तरी रासायनिक तपासणीच्या बरणीत त्याला जागा नाही. मोहोर लावलेली बरणी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची अखंड नोंद नसेल, तर अचूक अहवालही न्यायालयात डळमळतो.

अवयवांत विष सापडले नाही, म्हणजे विषबाधा झालीच नाही, असे नव्हे. रुग्ण काही दिवस जगला असेल, उपचारांनी विष बाहेर पडले असेल किंवा देह कुजला असेल, तर अहवाल नकारात्मक येऊ शकतो. अशा वेळी रुग्णालयातील नोंदी, घटनास्थळ आणि शवविच्छेदनातील निरीक्षणे एकत्र वाचावी लागतात.

बिहारमधील सारण जिल्ह्यातील घटना या संदर्भात उद्बोधक आहे. १६ जुलै २०१३ रोजी तेथील एका गावातील शाळेत मध्यान्ह भोजन घेतल्यानंतर मुले आजारी पडली आणि २३ मुलांचा मृत्यू झाला. न्यायवैद्यक प्रयोगशाळेला अन्नात व स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. केवळ मुलांच्या लक्षणांवरून विषाचा गट सांगता आला असता. पण विष अन्नात कोठून आले, हे तेल तपासल्याशिवाय कळले नसते. घटनास्थळावरील भांडी, उरलेले अन्न आणि तेलाचा डबा धुण्यापूर्वी ताब्यात घेण्याचे महत्त्व त्यात आहे.

डॉक्टर येईपर्यंत घरच्यांनी करावयाचे काम थोडे आहे. रुग्णास कुशीवर ठेवावे, माखलेले कपडे काढावेत, मीठ-पाणी पाजून वांती करवू नये आणि बाटली वा गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. त्या पाकिटावरील रासायनिक नाव सारणीचा पहिला रकाना भरून देते.

*विषबाधेविषयी वैद्यकीय माहितीसाठी राष्ट्रीय विष माहिती केंद्र, एम्स, नवी दिल्ली : १८०० ११६ ११७. मानसिक ताण असह्य होत असल्यास टेली-मानस : १४४१६. ही सारणी अभ्यासासाठी आहे. औषधांच्या मात्रा रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरवावयाच्या असतात.*